साडेतीन मुहूर्त आणि बारा महिन्यांचं टार्गेट : हंगामी निर्देशांक कसा काढायचा

दुचाकीच्या शोरूममध्ये वर्षाचं टार्गेट ठरलं की ते बाराने भागून महिन्यांवर टाकायची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. हिशेब सोपा, पण तो कोणालाच धड लागू पडत नाही. जुलैत पाऊस, पेरणी आणि रिकामं शोरूम. पोरं दिवसभर फोन करत बसतात आणि इन्सेंटिव्ह शून्य. दिवाळीच्या महिन्यात तेच टार्गेट दहा तारखेला पूर्ण होतं आणि उरलेले वीस दिवस कोणी कष्ट केले आणि कोणी नुसती डिलिव्हरी दिली, हे कळायला मार्गच राहत नाही. यावरचा उपाय म्हणजे मागच्या काही वर्षांच्या विक्रीवरून प्रत्येक महिन्याचा हंगामी निर्देशांक काढायचा आणि टार्गेट त्या प्रमाणात वाटायचं.

निर्देशांक म्हणजे एवढंच : वर्षाचा सरासरी महिना १०० धरला तर हा महिना किती? जुलैचा ७२ असेल तर जुलैत सरासरी महिन्याच्या ७२ टक्के गाड्या जातात. बारा महिन्यांची बेरीज १२०० यायला हवी. गणित शाळकरी आहे. खरी मेख आपल्या सणांत आहे, कारण ते इंग्रजी महिन्यांत एका जागी बसत नाहीत. म्हणून या लेखात गणिताला कमी आणि पंचांगाला जास्त जागा दिली आहे.

आधी आकडे स्वच्छ करा

कंपनीकडून शोरूमला झालेलं बिलिंग घेऊ नका. सणाआधी आणि महिनाअखेरीला कंपनी माल ढकलते, त्यामुळे बिलिंगचा चढउतार ग्राहकाचा नसून कंपनीचा असतो. आपल्याला हवी ती रिटेल विक्री, म्हणजे ग्राहकाच्या हातात किल्ली दिली ती तारीख. बुकिंगची तारीखही नको. लोक बुकिंग आठ-पंधरा दिवस आधी करतात, पण गाडी मुहूर्तावरच नेतात, आणि टार्गेट आपण डिलिव्हरीवर मोजतो. जी गोष्ट टार्गेटमध्ये मोजली जाते, तिचाच निर्देशांक काढायचा.

किती वर्षं मागे जायचं? तीन ही किमान, चार-पाच बरी. त्याहून जुन्या वर्षांत ग्राहकच वेगळा होता. २०२० आणि २०२१ मात्र सरळ सोडा. एप्रिल २०२० मध्ये शोरूम बंद होती आणि २०२१ च्या एप्रिल-मेमध्येही महाराष्ट्रात निर्बंध होते. ते आकडे सरासरीत घातले तर एप्रिल हा मंदीचा महिना आहे असं कागद सांगू लागेल.

आता एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातलं एक शोरूम, महिन्याला साठ-सत्तर गाड्यांचं. खालचे विक्रीचे आकडे मी समजावण्यासाठी बेतलेले आहेत. पुढे येणाऱ्या सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. टार्गेट ठरवायचं आहे २०२६-२७ चं.

| महिना | २२-२३ | २३-२४ | २४-२५ | २५-२६ |
|---|---|---|---|---|
| एप्रिल | ६९ | ६७ | ८६ | ८० |
| मे | ६३ | ७० | ७४ | ७६ |
| जून | ४५ | ५४ | ५८ | ६० |
| जुलै | ४२ | ४२ | ५४ | ५४ |
| ऑगस्ट | ५१ | ५१ | ६१ | ४८ |
| सप्टेंबर | ३६ | ५८ | ५० | ६२ |
| ऑक्टोबर | १३२ | ८२ | १४२ | १५७ |
| नोव्हेंबर | ५१ | १२८ | ७७ | ७५ |
| डिसेंबर | ४५ | ४८ | ५२ | ६० |
| जानेवारी | ५४ | ५८ | ६२ | ६९ |
| फेब्रुवारी | ५१ | ५४ | ५८ | ६३ |
| मार्च | ८१ | ५६ | ९० | ९६ |
| एकूण | ७२० | ७६८ | ८६४ | ९०० |

प्रत्येक वर्ष स्वतःच्या सरासरीने भागा

चारही वर्षांचे जुलै थेट एकत्र करून सरासरी काढली, तर मोठ्या वर्षाचं वजन जास्त पडतं. म्हणून आधी प्रत्येक महिन्याला त्याच वर्षाच्या मासिक सरासरीने भागायचं. २०२२-२३ ची सरासरी ६० गाड्या. जुलैच्या ४२ म्हणजे ७०. २०२४-२५ ची सरासरी ७२. जुलैच्या ५४ म्हणजे ७५. एक्सेलमध्ये महिने दुसऱ्या ते तेराव्या ओळीत आणि पहिलं वर्ष B स्तंभात असेल, तर बाजूच्या रिकाम्या जागेत हे सूत्र लिहून खाली आणि उजवीकडे ओढा :

```
=B2/AVERAGE(B$2:B$13)*100
```

ही साधी रीत आपल्या शोरूमला पुरते, कारण त्याची वाढ वर्षाला सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे. वाढ वीस-पंचवीस टक्के असेल तर मात्र ती फसवते. अशा वर्षात मार्च एप्रिलपेक्षा मोठा दिसतो, तो हंगामामुळे नव्हे तर दरम्यान धंदाच वाढल्यामुळे. तेव्हा सगळे महिने एकाखाली एक लावून प्रत्येक महिन्याला त्याच्या आगेमागच्या बारा महिन्यांच्या सरासरीने भागायचं. बारा ही सम संख्या असल्यामुळे तिचा मध्य दोन महिन्यांच्या फटीत पडतो, म्हणून लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घ्यावी लागते. आठव्या ओळीतल्या महिन्यासाठी C स्तंभातलं सूत्र असं :

```
=(AVERAGE(B2:B13)+AVERAGE(B3:B14))/2
```

आणि निर्देशांक `=B8/C8*100`. यात सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने हातचे जातात, म्हणून किमान चार वर्षांची विक्री हाताशी हवी.

सरासरी घ्यायच्या आधी पंचांग उघडा

आता बहुतेक मार्गदर्शकांत सांगतात की चार वर्षांच्या निर्देशांकांची महिन्यागणिक सरासरी घ्या आणि काम संपलं. आपल्या उदाहरणात तसं करून पाहा. ऑक्टोबरचे चार निर्देशांक येतात २२०, १२८, १९७ आणि २०९, सरासरी १८९. नोव्हेंबरचे ८५, २००, १०७ आणि १००, सरासरी १२३. दिसायला ठीक, पण असा ऑक्टोबर चारपैकी एकाही वर्षी झाला नाही आणि असा नोव्हेंबरही नाही. एकाच महिन्याचे निर्देशांक वर्षागणिक पाच-दहा अंकांनी हलले तर तो नेहमीचा चढउतार. पन्नास-शंभर अंकांची उडी दिसली की समजायचं, या महिन्यात कुठलातरी सण येऊन-जाऊन आहे.

तारखा लावल्या की कोडं सुटतं. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला आणि दिवाळीचं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, म्हणजे दोन्ही मुहूर्त एकाच महिन्यात. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला, पण लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. धनत्रयोदशी ऑक्टोबरात आणि पाडवा नोव्हेंबरात, म्हणून त्या वर्षी दोन्ही महिन्यांना थोडं थोडं मिळालं. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला, पुन्हा सगळं ऑक्टोबरात.

आता दोन महिन्यांची बेरीज करून पाहा : ३०५, ३२८, ३०४, ३०९. सुटे महिने दुपटीने हलत होते, जोडी मात्र जागची फारशी हलत नाही. म्हणजे दिवाळीचा हंगाम तेवढाच असतो, फक्त तो कोणत्या कॅलेंडर-महिन्यात पडतो ते बदलतं. म्हणून नियम असा की ऑक्टोबर-नोव्हेंबरचा निर्देशांक जोडीने काढायचा (सरासरी ३१२) आणि मग येत्या वर्षीची दिवाळी ज्या जुन्या वर्षासारखी पडते, त्या वर्षाच्या प्रमाणात तो तोडायचा. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. जवळचं वर्ष २०२३. तेव्हा जोडीतल्या २१० पैकी ८२ गाड्या, म्हणजे ३९ टक्के, ऑक्टोबरात गेल्या होत्या. या वेळी दिवाळी चार दिवस अलीकडे आहे, म्हणून ४० टक्के धरू. ऑक्टोबर १२५, नोव्हेंबर १८७.

सप्टेंबरचा खेळ पितृपक्षावर चालतो. २०२२ मध्ये तो १० ते २५ सप्टेंबर असा महिन्याच्या मधोमध बसला आणि निर्देशांक ६० वर आला. २०२३ मध्ये तो २९ सप्टेंबरला लागला, तर ९१. २०२६ मध्ये पितृपक्षाचे जेमतेम चार दिवस सप्टेंबरात येतात आणि तो १० ऑक्टोबरला संपतो. म्हणजे इथेही २०२३ चाच सप्टेंबर जवळचा. चार दिवसांचे थोडे अंक कापून ८८.

आणि गुढीपाडवा. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण आपलं आर्थिक वर्ष नेमकं पाडव्याच्या तोंडावर बदलतं. २०२२-२३ मध्ये दोन पाडवे होते, २ एप्रिल २०२२ आणि २२ मार्च २०२३. २०२३-२४ मध्ये एकही नव्हता. २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन, ९ एप्रिल आणि ३० मार्च. २०२५-२६ मध्ये एक, १९ मार्च २०२६. आणि २०२६-२७ मध्ये एकही नाही, कारण पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला आहे. पाडव्याच्या मार्चचे निर्देशांक १३५, १२५, १२८. बिनपाडव्याच्या मार्चचा ८८. सरळ सरासरी ११९ येते. मार्च २०२७ ला ती लावली तर पोरांना गाठता न येणारं टार्गेट दिल्यासारखं होईल. तिथे ८८ च धरायचे. एप्रिललाही हाच न्याय : एप्रिल २०२६ मध्ये पाडवा नाही, पण अक्षय्य तृतीया १९ तारखेला आहे. २०२३ आणि २०२५ चे एप्रिल तसेच होते (२२ आणि ३० एप्रिल), म्हणून त्या दोघांची सरासरी, १०६.

अपवाद बाजूला काढा, पण कारणासह

२०२५ चा ऑगस्ट ६४ वर आहे, एरवी तो ८५ च्या आसपास असतो. कारण माहीत आहे. १५ ऑगस्टला दिवाळीपर्यंत जीएसटी कपात येणार असं जाहीर झालं, लोक थांबले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्के झाला, आणि अडून राहिलेली गर्दी घटस्थापनेच्या दिवशी आली. असा ऑगस्ट पुन्हा येणार नाही, म्हणून तो आणि त्याचा सप्टेंबर सरासरीतून वगळायचे. जोडीच्या बेरजेतला २०२५ मी ठेवला आहे, कारण ३०९ हा आकडा इतरांच्या रांगेतच आहे.

वगळण्याची एक शिस्त हवी : कारण आकड्याबाहेर सापडलं पाहिजे. आकडा आवडला नाही म्हणून काढायचा नाही. मालकाला कमी महिना खटकतो, सेल्सच्या पोरांना जास्त महिना खटकतो, आणि दोघांनाही मोकळीक दिली तर चार वर्षांतलं काहीच उरत नाही. उलट एक कारण हटकून राहून जातं, ते म्हणजे स्टॉक. चालणारं मॉडेल महिनाभर आलंच नसेल तर विक्रीचा आकडा मागणी सांगत नाही. गोडाऊनचं रजिस्टर शेजारी ठेवूनच हे काम करा.

अधिक महिन्याचं गणित थोडं अंदाजाचं आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता. त्या वर्षीचे जुलै-ऑगस्ट ६६ आणि ८० आले, एरवी ७२ आणि ८५. म्हणजे अर्ध्या महिन्याच्या अधिकमासाला पाच-सहा अंकांचा फटका. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे आणि तो लग्नसराईवर येतो. हातात एकच जुना दाखला असल्यामुळे मी मे आणि जून प्रत्येकी सहा अंकांनीच खाली आणतो, १०५ वरून ९९ आणि ८० वरून ७४. जुलै-ऑगस्टसाठी मग २०२३ वगळून ७२ आणि ८५. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे शहाणे महिने आहेत, त्यांची साधी सरासरी पुरते : ७६, ९०, ८४.

१२०० चा हिशेब, आणि त्यातला इशारा

या सगळ्यांची बेरीज येते ११७४. ती १२०० वर आणायला प्रत्येक निर्देशांक १२००/११७४ ने गुणायचा. यांत्रिकपणे करून मोकळं व्हायच्या आधी जरा थांबा. २६ अंक कमी का पडले? मुख्यतः पाडवा वर्षाबाहेर गेला आणि अधिक महिना आत आला म्हणून. गुणाकार करताना आपण ते हरवलेले अंक बाकीच्या महिन्यांवर वाटतो. वार्षिक टार्गेट तसंच राहिलं, तर नसलेल्या पाडव्याच्या गाड्या जुलैत आणि डिसेंबरात विकायला सांगतोय, असा त्याचा अर्थ.

म्हणून वार्षिक आकडा आधी तपासा. समजा मालक म्हणतात, ९०० झाल्या, यंदा ९६०. वाढ पावणेसात टक्के वाटते. पण गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये पाडव्याच्या जवळपास ३० गाड्या होत्या (४० अंक, ७५ ची सरासरी), त्या यंदा नाहीत. तुलनेचा खरा पाया ८७०, आणि त्यावर ९६० म्हणजे दहा टक्क्यांवर वाढ. मालकांच्या मनात सात-आठ टक्के असतील तर आकडा ९३६ च्या आसपास यायला हवा. हे एप्रिलमध्ये बोलून घ्यावं; मार्चमध्ये बोललं की ती सबब वाटते.

९३६ म्हणजे महिन्याला ७८ ची सरासरी. त्याला बसवलेल्या निर्देशांकाने गुणलं की :

| महिना | निर्देशांक | टार्गेट |
|---|---|---|
| एप्रिल | १०८.३ | ८४ |
| मे | १०१.२ | ७९ |
| जून | ७५.६ | ५९ |
| जुलै | ७३.६ | ५७ |
| ऑगस्ट | ८६.९ | ६८ |
| सप्टेंबर | ८९.९ | ७० |
| ऑक्टोबर | १२७.८ | १०० |
| नोव्हेंबर | १९१.१ | १४९ |
| डिसेंबर | ७७.७ | ६१ |
| जानेवारी | ९२.० | ७२ |
| फेब्रुवारी | ८५.९ | ६७ |
| मार्च | ८९.९ | ७० |

डोळे मिटून सरासरी घेतली असती तर ऑक्टोबरचं टार्गेट १४७ आणि नोव्हेंबरचं ९६ आलं असतं. ऑक्टोबरात अख्खी टीम ‘नापास’, आणि नोव्हेंबरात पाडव्याच्या डिलिव्हऱ्या देऊन सगळे दीडपट. इन्सेंटिव्हची रक्कम कदाचित तेवढीच गेली असती, पण ती कामासाठी न जाता तारखेसाठी गेली असती.

माणसांवर वाटताना

निर्देशांक शोरूमचा काढा, एकेका सेल्समनचा नको. महिन्याला १५ गाड्या विकणाऱ्याच्या आकड्यात चार गाड्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्यातून हंगाम काढायला गेलात तर त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचा निर्देशांक निघेल. शोरूमचा महिन्याचा आकडा घ्या आणि प्रत्येकाच्या ठरलेल्या वाट्याने वाटा. सब-डीलर मात्र वेगळा. उसाच्या गावातल्या सब-डीलरची विक्री कारखान्याच्या बिलांवर हलते आणि नोकरदारांच्या गावातली पगार-बोनसवर; त्यांच्याकडे महिन्याला पंचवीस-तीस गाड्या जात असतील तर त्यांचा निर्देशांक स्वतंत्र काढणं योग्य.

वर्ष चालू झाल्यावर याच निर्देशांकाने महिने वाचताही येतात. समजा मेमध्ये ७७ गाड्या गेल्या आणि जूनमध्ये ६४. बैठकीत जूनवर आरडाओरडा होईल. पण ७७ ला १.०१२ ने भागलं तर ७६, आणि ६४ ला ०.७५६ ने भागलं तर ८५. सरासरी लागते ७८. म्हणजे मे थोडा कमी पडला आणि जून चांगला गेला. जाब विचारायचाच असेल तर मेबद्दल विचारा.

तक्ता दर एप्रिलला नव्याने करायचा : सरलेलं वर्ष जोडायचं, सगळ्यात जुनं काढायचं आणि तारखा पुन्हा लावायच्या. २०२७ ची दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे, तेव्हा २०२६ चा ताजा ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडीच्या बेरजेला चालेल, पण तोडायला २०२४ कामाला येईल. म्हणून जुनं वर्ष सरासरीतून काढलं तरी फाइलमधून पुसू नका. आणि २०२७-२८ मध्ये ७ एप्रिल २०२७ आणि २७ मार्च २०२८ असे दोन पाडवे येतात. त्या वर्षी निर्देशांकांची बेरीज १२०० च्या वर जाईल आणि वार्षिक आकडा या वेळी जेवढा खाली आणला तेवढाच वर न्यावा लागेल. तेव्हा सेल्सच्या टीमनेही कुरकुर करू नये.